सरांना किंवा माजी विद्यार्थी कार्यालयाला मेल करून ओळख मागायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शिकवतो आणि त्याबरोबर आमच्या माजी विद्यार्थी कार्यालयाची मेलपेटीही बघतो. त्यामुळे ‘सर, तुमच्या ओळखीत कुणी आहे का’ हा मेल मला दोन्ही बाजूंनी येतो. त्याविषयी पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. नोकरी मागणाऱ्या मेलबद्दल हे पान नाही. पुढची वाट विचारायची आणि त्या क्षेत्रात काम करणाऱ्या एखाद्या माजी विद्यार्थ्याशी ओळख करून मागायची, एवढाच इथला विषय आहे.

१. आधी सरांना लिहू की कार्यालयाला?

तुम्हाला ओळखणारं कुणी शिक्षक असेल तर आधी त्यांना. कार्यालयाकडे यादी असते, ओळख नसते. अमुक विभागाचे अमुक वर्षी पास झालेले कोण कोण आहेत, हे आम्ही शोधू शकतो. पण त्यातला कोण फोन उचलेल आणि कोण नुसतं ‘बघतो’ म्हणेल, ते तुमच्या सरांनाच ठाऊक असतं. शिवाय यादीतली माहिती बऱ्याचदा पदवीदान समारंभाच्या वेळची असते. त्यानंतर माणसाने तीन नोकऱ्या बदलल्या तरी आमच्याकडे पहिलीच लिहिलेली राहते.

कार्यालयाचा खरा उपयोग दोन वेळा होतो. एक, तुमचे शिक्षक निवृत्त झाले असतील किंवा त्यांचा पत्ता हाती नसेल तेव्हा. दोन, तुम्हाला स्वतःच्या विभागाबाहेरचं कुणी हवं असेल तेव्हा. रसायनशास्त्र शिकून पेटंटच्या कामाकडे वळायचं असेल, तर रसायनशास्त्राच्या सरांपेक्षा आमची यादी जास्त कामाची.

कार्यालयाला लिहिताना पास झाल्याचं वर्ष, शाखा, पदवीपत्रावरचं पूर्ण नाव आणि आठवत असेल तर नोंदणी क्रमांक पहिल्या दोन ओळींतच द्या. लग्नानंतर किंवा अन्य कारणाने नाव बदललं असेल तर दोन्ही नावं लिहा. नोंद सापडेना म्हणून अडलेल्या मेलांमध्ये हे कारण नेहमीचं आहे.

२. आठ वर्षांत सरांना एकदाही फोन केला नाही. आता कामासाठी लिहिणं बरं दिसेल का?

हा संकोच जवळजवळ प्रत्येकाला असतो आणि शिक्षकाला त्याचं काही वाटत नाही. विद्यार्थी निघून जातात, हे आम्ही धरूनच चालतो. ‘इतकी वर्षं संपर्कात राहू शकलो नाही याबद्दल क्षमस्व’ अशा परिच्छेदाने सुरुवात केलीत, तर उलट आम्हाला तो ओलांडून पुढे जावं लागतं.

लांबची ओळख कमी उपयोगाची, असंही नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक निबंध लिहिला. ओळखीतून नोकरी मिळवलेल्या ५४ जणांना त्याने विचारलं होतं, की त्या काळात तुम्ही त्या माणसाला किती वेळा भेटत होता? वारंवार भेटणारे निघाले १६.७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के आणि क्वचितच भेटणारे २७.८ टक्के. नमुना लहान आहे, पण कारण पटण्यासारखं आहे. जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. लांबच्याला वेगळं काही ठाऊक असतं.

‘ओळखलंत का सर?’ हे मात्र लिहू नका. ती परीक्षा होते, आणि नापास झालेल्या माणसाला उत्तर लिहायला अवघड जातं. आठवण त्यांच्या हातात ठेवा: वर्ष, विषय आणि एखादा बारीक तपशील. ‘तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प तुमच्याकडे केला होता, पहिला मसुदा तुम्ही लाल शाईने भरून परत दिला होता’ एवढं पुरतं. चेहरा आठवला नाही तरी तो लाल शाईचा मसुदा आठवतो.

३. नेमकं काय मागायचं? ‘मार्गदर्शन करावे’ एवढं पुरत नाही का?

नाही. असा मेल कसा असतो ते बघा:

> सर नमस्कार, मी आपली माजी विद्यार्थिनी. सध्या चांगल्या संधीच्या शोधात आहे. आपल्या ओळखीत कुणी असल्यास कृपया कळवावे. बायोडाटा जोडला आहे. मार्गदर्शनाची अपेक्षा.

यात उद्धट काही नाही, खोटं काही नाही. तरी अशा मेलला उत्तर येत नाही, कारण सगळं काम सरांवर ढकललेलं आहे. कुठली संधी? कुठल्या क्षेत्रातलं ‘कुणी’? त्या कुणाला सांगायचं तरी काय? सर बायोडाटा उघडतात, संध्याकाळी निवांत बघू म्हणतात, आणि ती संध्याकाळ येत नाही.

मागणं असं असावं, की सरांना एक-दोन चेहरे लगेच डोळ्यांपुढे यावेत. त्यासाठी तीन गोष्टी ठरवून घ्या: कामाचा प्रकार (कंपनीचं नाव नव्हे), त्या माणसाला विचारायचे एक-दोन प्रश्न, आणि किती वेळ. वर जिचा मेल दिला आहे ती संख्याशास्त्र शिकलेली आहे आणि विमा दाव्यांच्या आकडेवारीवर काम करते, असं धरू. तिला औषधांच्या चाचण्यांतल्या सांख्यिकी कामाकडे वळायचं आहे. मग ‘चांगली संधी’ या शब्दांच्या जागी ‘औषधचाचण्यांच्या आकडेवारीचं प्रोग्रॅमिंग करणारं कुणी’ असं आलं की सरांचं निम्मं काम झालं.

प्रश्न असे निवडा, जे शोधून सापडत नाहीत. ‘या क्षेत्राला भवितव्य आहे का?’ याला कुणीही काहीही उत्तर देऊ शकतो. ‘नवीन माणूस घेताना सॅस यायलाच हवं असतं, की आर वर काम केलेलं चालतं?’ सॅस आणि आर ही आकडेवारीच्या कामाची सॉफ्टवेअरं, आणि या प्रश्नाचं उत्तर आत बसलेल्या माणसाकडेच असतं. शिवाय असा प्रश्न वाचून विचारणाऱ्याने थोडा अभ्यास केलाय हेही कळतं.

४. ‘पुढे पाठवायचा मजकूर’ म्हणजे काय? तो वेगळा का लिहायचा?

सगळ्या पानावरचा महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर सांगतो. तुमचा मेल सर वाचतात. पण तो ज्याच्या उपयोगी पडायला हवा तो माणूस तिसराच. सरांनी होकार दिला तर ते काय करतील? तुमचाच मेल Forward करतील आणि वर एक ओळ लिहितील: ‘ही माझी विद्यार्थिनी, बघ जमलं तर.’ म्हणजे त्या तिसऱ्या माणसाच्या हाती तुमचे शब्द पडणार आहेत. मग ते त्याच्यासाठी लिहिलेले असावेत.

म्हणून दोन मेल पाठवा. पहिला सरांसाठी:

> आदरणीय सर, नमस्कार.
> मी २०१९ च्या संख्याशास्त्राच्या तुकडीतली. नमुना निवडीचा प्रकल्प तुमच्याकडे केला होता. पहिला मसुदा तुम्ही लाल शाईने भरून परत दिला होता. सध्या एका विमा कंपनीत दाव्यांच्या आकडेवारीवर काम करते. आता औषधचाचण्यांच्या सांख्यिकी कामाकडे वळायचा विचार आहे.
> तुमच्या विद्यार्थ्यांपैकी कुणी त्या कामात असेल, तर माझ्याशी वीस मिनिटं बोलायला चालेल का, एवढं त्यांना विचाराल का? तुम्हाला लिहीत बसावं लागू नये म्हणून त्यांच्यासाठीचा मजकूर वेगळ्या मेलने पाठवते आहे. कुणी आठवलं नाही किंवा विचारणं योग्य वाटलं नाही, तर तसं सांगितलंत तरी चालेल.

आणि लगोलग दुसरा, विषयासकट जसाच्या तसा पुढे जाईल असा:

> नमस्कार. मी संख्याशास्त्राची पदवीधर (२०१९). गेली तीन वर्षं विमा दाव्यांची आकडेवारी तपासून महिन्याचे अहवाल तयार करते. रोजचं काम एसक्यूएल आणि आर मध्ये चालतं. औषधचाचण्यांच्या सांख्यिकी प्रोग्रॅमिंगकडे वळायचं आहे. बाहेरून दोन गोष्टी कळत नाहीत. नवीन माणूस घेताना सॅस यायलाच हवं असतं, की आर चालतं? आणि सीडिस्कच्या साच्यात माहिती बसवण्याचा सराव जाहीर नमुना माहितीवर केला, तर मुलाखतीत त्याला काही किंमत असते का?
> मंगळवार ते गुरुवार संध्याकाळी सातनंतर किंवा शनिवारी कधीही, वीस मिनिटं फोनवर बोलता आलं तर बरं होईल. बोलणं शक्य नसेल तर दोन ओळींचं लेखी उत्तरही पुरेसं आहे.

वेगळा मेल कशाला, एकाखाली एक लिहिलं तर काय बिघडतं? बिघडतं ते असं. Forward केलेल्या मेलबरोबर खालचं सगळं जातं. एकदा एका विद्यार्थ्याने मला मोकळेपणाने लिहिलं होतं, की सध्याच्या साहेबांशी पटत नाही म्हणून बाहेर पडायचंय. मी घाईत होतो, खालचं न कापता तो मेल पुढे ढकलला. ज्याला पाठवला तो त्या साहेबांचा जुना सहकारी निघाला. तसं पुढे काही झालं नाही, पण त्या विद्यार्थ्याला फोन करून हे सांगताना मला कसंसंच झालं. चूक माझी होती. तरी, सर कापतीलच अशा भरवशावर राहू नका. खासगी काही सांगायचं असेल तर ते फोनवर सांगा.

५. विषयाच्या ओळीत काय लिहायचं?

सरांच्या मेलला: ‘संख्याशास्त्र २०१९ – औषधचाचण्यांच्या कामातल्या कुणाशी ओळख हवी’. पुढे पाठवायच्या मेलला: ‘संख्याशास्त्राची पदवीधर, औषधचाचण्यांच्या कामाबद्दल दोन प्रश्न’. ‘विनंती’, ‘महत्त्वाचे’, ‘तातडीचे’ हे शब्द नकोत. परीक्षेच्या दिवसांत पेटीतला प्रत्येक मेल तातडीचाच असतो.

६. बायोडाटा जोडू का?

सरांच्या मेलला नको, पुढे पाठवायच्या मेलला चालेल. बायोडाटा दिसला की वाचणाऱ्याला वाटतं नोकरी मागताहेत, आणि आपल्या हातात नोकरी नाही म्हणून तो गप्प बसतो. मागणं बोलण्यापुरतंच आहे, हे मजकुरात स्पष्ट असेल तर एक पानाची पीडीएफ जोडा. फाइलच्या नावात तुमचं नाव हवं. ‘फायनल नवीन २’ नावाच्या फाइलींतून कुणाची कुठली हे शोधण्यात माझे बरेच तास गेले आहेत.

जन्मतारीख, घरचा पत्ता, ओळखपत्रांचे क्रमांक त्या पानावर ठेवू नका. मेल कुणाकुणाकडे जाईल ते तुम्हाला माहीत नसतं.

७. कार्यालय सरळ नंबर का देत नाही? मी तर त्याच कॉलेजचा आहे!

कारण तो नंबर आम्हाला वेगळ्या कामासाठी दिलेला आहे. माणसाने पत्ता दिला तो मेळाव्याचं आमंत्रण यावं म्हणून. तो दुसऱ्याच्या हाती द्यायचा तर त्याची परवानगी लागते. हा साधा शिष्टाचार आहेच, शिवाय बऱ्याच देशांत कायदाही आहे: युरोपीय संघात २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर, भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. कुठल्या कामासाठी माहिती घेतली ते सांगायचं आणि तेवढ्यासाठीच वापरायची, हा दोन्हींचा गाभा.

म्हणून यादी मागू नका, निरोप पोहोचवायला सांगा. ‘२०१० ते २०१६ दरम्यानच्या तीन-चार जणांना सोबतचा मजकूर पाठवाल का? इच्छा असेल त्यांनी मला थेट लिहावं’ असं लिहिलंत तर नाही म्हणायला आम्हाला कारण उरत नाही. यासाठीही प्रश्न ४ मधलाच दुसरा मेल वापरायचा.

वर्षांचा टप्पा दिलात तर बरं. चार ते दहा वर्षं पुढे असलेला माणूस या कामाला बरा पडतो. त्याला आत शिरण्याची वाट अजून आठवत असते आणि कुणाला घ्यायचं यात थोडाफार शब्दही असतो. पंचवीस वर्षांपूर्वीचे मोठे साहेब आपुलकीने बोलतात, पण त्यांचा रस्ता आता बंद झालेला असतो.

८. मराठीत लिहू की इंग्रजीत?

सरांशी ज्या भाषेत बोलत होता त्या भाषेत सरांना लिहा. पुढे जायचा मजकूर त्या तिसऱ्या माणसाच्या कामाच्या भाषेत लिहा, कारण तो आणखी कुणाकडे जाऊ शकतो. दोन मेल वेगळे असल्याचा हा आणखी एक फायदा.

९. उत्तर आलं नाही. पुन्हा कधी लिहायचं?

कामाचे आठ-दहा दिवस जाऊ द्या, मग त्याच मेलखाली Reply करून दोन ओळी लिहा. नवा मेल लिहिलात तर त्यांना जुना शोधावा लागतो. ‘माझा मेल मिळाला का?’ असं विचारण्यापेक्षा उत्तर सोपं करून द्या: ‘सर, या कामात कुणी लगेच आठवत नसेल तर “नाही” एवढंच कळवा, मी कार्यालयाकडे विचारते.’ गप्प बसलेल्यांपैकी बरेच जण नाही कसं म्हणायचं या विचारानेच गप्प असतात.

दुसऱ्या मेललाही उत्तर आलं नाही तर तिथे थांबा. व्हॉट्सॲपवर विचारणं, मग मित्राकरवी आठवण, मग थेट स्टाफरूममध्ये, असा पाठलाग झाला की सर पुढच्या वेळीही टाळतात. आणि परीक्षा, पेपरतपासणी, प्रवेश या दिवसांतलं मौन मोजायचं नसतं.

आणखी एक बघा: तुम्ही कॉलेजने दिलेल्या जुन्या पत्त्यावरून तर लिहिलं नाही ना? असे पत्ते पास झाल्यावर कधीतरी बंद होतात. सरांनी उत्तर दिलेलं असतं आणि ते तुमच्यापर्यंत आलेलं नसतं.

१०. सरांनी आम्हा दोघांना एकत्र मेल करून ओळख करून दिली. आता?

आता चेंडू तुमच्याकडे आहे, आणि शक्यतो एका दिवसाच्या आत उत्तर द्या. सरांनी त्या माणसाकडे आपला शब्द टाकलेला असतो. तुम्ही चार दिवस गप्प बसलात तर कानकोंडे सर होतात.

उत्तर लिहिताना Reply all दाबा, सरांचा पत्ता To किंवा Cc मधून काढून Bcc मध्ये टाका, आणि पहिल्याच ओळीत तसं सांगा: ‘सर, मनापासून आभार. तुम्हाला पुढच्या मेलांचा त्रास नको म्हणून Bcc मध्ये घेते आहे.’ तुम्ही उत्तर दिलंत हे सरांना दिसतं, आणि नंतरचं ‘शनिवार जमेल का, रविवार?’ त्यांच्या पेटीत येत नाही, कारण पुढच्या माणसाने Reply all केलं तरी Bcc मधल्या पत्त्यावर ते जात नाही. मग वेळेचे दोन-तीन पर्याय द्या. माणूस दुसऱ्या देशात असेल तर वेळ त्याच्या घड्याळाप्रमाणे लिहा.

बोलणं झाल्यावर त्यांना त्याच दिवशी दोन ओळी पाठवा. सरांनाही कळवा, आणि त्यात एखादी नेमकी गोष्ट असू द्या: ‘त्यांनी सॅसचा पायाभूत अभ्यास आधी करायला सांगितला, सुरुवात केली आहे.’ हा मेल फार थोडे जण पाठवतात. ज्याचा येतो, त्याच्यासाठी पुढचं नाव सुचवायला मी स्वतः आठवण ठेवतो.

११. एकाच वेळी तीन शिक्षकांना लिहिलं तर चालेल?

चालेल, पण वेगवेगळं मागा. एकाच विभागातल्या तिघांना एकच मागणं पाठवलंत तर तिघेही त्याच एका माजी विद्यार्थ्याला लिहितात, कारण त्या कामातला तोच एक सगळ्यांना ठाऊक असतो. त्याला तीन दिवसांत तोच मजकूर तीनदा मिळाला, असं प्रत्यक्ष झालेलं आहे. कार्यालयाला लिहिताना सरांनाही विचारलं असेल तर एका ओळीत सांगून टाका.

१२. बोलताना नोकरीचा विषय काढू का?

तुम्ही वीस मिनिटं सल्ल्यासाठी मागितली होती, तेव्हा त्या वीस मिनिटांत तरी नाही. शेवटी ‘माझ्या जागी तुम्ही असता तर पुढचे तीन महिने काय केलं असतं?’ असं विचारा. त्यांच्याकडे जागा असेल तर विषय तेच काढतात. पुढे तिथली जाहिरात निघाली आणि तुम्ही अर्ज करणार असाल, तेव्हा वेगळा मेल करून शिफारस कराल का असं सरळ विचारा. दोन मागण्यांमध्ये थोडं अंतर असलं की पहिली फसवी वाटत नाही.

१३. सरांनी ज्यांचं नाव दिलं ते मला हव्या त्या कामात नाहीतच. नाही म्हणू?

नाही म्हणू नका, पण प्रश्न बदला. औषधचाचण्यांचं काम हवं असताना औषध कंपनीच्या विक्री विभागातलं कुणी पुढे आलं, तर तिच्याकडे सॅस-आर चे प्रश्न घेऊन जाणं व्यर्थ. ‘तुमच्याकडे हे काम कंपनीतच होतं की बाहेरच्या संस्थेकडे दिलं जातं, आणि त्यातलं कुणी तुमच्या परिचयाचं आहे का?’ एवढं विचारा. दहा मिनिटांत बोलणं संपवलंत तरी चालतं.

१४. मला विषय राहिले होते आणि सरांशी एकदा चांगलंच वाजलं होतं. तरी लिहू?

राहिलेल्या विषयांचा उल्लेख करायची गरज नाही; सर गुणपत्रिका घेऊन बसत नाहीत. वाजलं असेल तर मात्र त्याबद्दल एक ओळ लिहा, एकच: ‘शेवटच्या वर्षी मी तुमच्याशी नीट वागलो नाही, ते लक्षात आहे.’ बाजू मांडू नका. आणि पहिल्या मेलमध्ये ओळख मागू नका, फक्त एखाद्या प्रश्नावर मत विचारा. उत्तराचा सूर बघून पुढचं ठरवता येतं. पदवी अर्धवट सोडली असेल तरी बऱ्याच कार्यालयांत तुमची नोंद असते. मेलमध्ये ‘पदवीधर’ न लिहिता ‘२०१५ ते २०१७ शिकत होतो’ असं लिहा. पुढे पाठवणाऱ्याचं नाव त्या शब्दाला जोडलं जातं, म्हणून तो खरा हवा.

१५. मी सध्या नोकरीत आहे आणि ऑफिसात कळता कामा नये. ओळख करून दिलेला माणूस आमच्याच कंपनीचा निघाला तर?

पहिल्या मेलमध्येच सरांना सांगा, की अमुक कंपनीतल्या कुणाला कृपया विचारू नका. हे वाक्य सरांच्या मेलमध्येच हवं, पुढे जाणाऱ्या मजकुरात चुकूनही नको. त्या मजकुरात कंपनीचं नाव न घालता ‘एका विमा कंपनीत’ एवढंच लिहा. अर्थात क्षेत्र लहान असेल तर तेवढ्यावरूनही माणूस ओळखता येतो, आणि ते पूर्ण टाळता येत नाही. ऑफिसचा मेल किंवा ऑफिसचा लॅपटॉप यासाठी वापरू नका.

कार्यालयामार्फत जात असाल तर हीच सूचना आम्हालाही द्या. आमच्या यादीतली नोकरी जुनी असू शकते (प्रश्न १), म्हणून त्या माणसाचं सध्याचं ठिकाण पाठवण्याआधी तपासून घ्या असं सांगितलंत तर ते आगाऊपणाचं ठरत नाही.